घड्याळाखाली लाल चट्टा: घाम कारणीभूत की धातूचं वावडं, कसं ओळखावं?

पावसाळ्यात बेळगाव-खानापूर पट्ट्यात आणि गोव्यात, तर उन्हाळ्यात हैदराबाद, इंदूर, वडोदऱ्याकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. घड्याळ काढलं की मनगटावर लाल पट्टा दिसतो, खाज सुटते, कधी बारीक पाण्याचे फोड येतात. मग कोणी पट्टा सैल करतो, कोणी घड्याळ दुसऱ्या हातावर बांधतो, तर कोणी औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणून चोळतो. चट्टा आठवडाभर दबतो आणि पुन्हा वर येतो.

असं होतं याचं कारण साधं आहे. दिसायला सारख्या असणाऱ्या या चट्ट्यामागे दोन अगदी वेगळी कारणं असतात. एकात घाम, साबण आणि घासणं यांनी त्वचा सोलवटलेली असते. दुसऱ्यात शरीराला एखाद्या पदार्थाचं, बहुतेक वेळा निकेल या धातूचं, वावडं झालेलं असतं. पहिल्यावर स्वच्छता हा उपाय चालतो. दुसऱ्यावर पट्टा कितीही धुतला तरी उपयोग होत नाही, तिथे वस्तूच बदलावी लागते. त्यामुळे साफसफाईकडे वळण्याआधी आपला चट्टा कुठल्या प्रकारचा आहे, हे ठरवलेलं बरं.

आधी चट्ट्याची जागा पाहा

घड्याळ काढून, उजेडात, मनगट दोन्ही बाजूंनी नीट पाहावं. नुसता दाबाचा ठसा असेल तर तो तासाभरात जातो, त्याची काळजी नको. चट्टा टिकून राहत असेल तर त्याचा आकार बरंच काही सांगतो.

पट्ट्याच्या पूर्ण रुंदीएवढी पसरट लाली असेल, कडा अस्पष्ट असतील, आग जास्त आणि खाज कमी असेल, तर घाम आणि ओलावा हे कारण असण्याची शक्यता जास्त. सिलिकॉनचा पट्टा हवा आत जाऊ देत नाही. खाली साचलेल्या घामाने त्वचा फुगते, धुण्याभांड्यानंतर तुम्ही नाजूक झालेली बोटं पाहिली असतील, तशी. त्यात हात धुताना पट्ट्याखाली गेलेला साबण तिथेच वाळतो आणि पट्टा दिवसभर त्यावर घासत राहतो. हा प्रकार कोणालाही होऊ शकतो, त्याला ॲलर्जी असावी लागत नाही. घड्याळ काढून ठेवलं की लाली साधारणपणे काही दिवसांत उतरते.

उलट, चट्टा जर धातूच्या तुकड्याचा नकाशा काढल्यासारखा असेल, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला बकलाएवढा चौकोन, किंवा डबीच्या मागच्या झाकणाएवढं गोल वर्तुळ, तर संशय निकेलवर घ्यावा. यात खाज आगीपेक्षा जास्त असते. बारीक फोड येतात, फुटून चिकट पाणी येतं, मग खपली धरते आणि जुनं झालं की कातडी जाड, खरखरीत होते. याला आपल्याकडे सर्रास इसब म्हणतात.

आणखी एक खूण वेळेची. घामाचा त्रास त्याच दिवशी जाणवतो. वावड्याची प्रतिक्रिया उशिरा येते, साधारण एक ते तीन दिवसांनी. त्यामुळे माणूस चुकीच्या गोष्टीला दोष देतो. रविवारी लग्नाला घातलेल्या घड्याळाचा चट्टा मंगळवारी उठतो आणि दोष मंगळवारच्या जेवणातल्या वांग्याला जातो. घड्याळ काढल्यावरही हा चट्टा लगेच जात नाही, दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

तिसरा प्रकार विसरू नये, तो म्हणजे गजकर्ण. कडा उठावदार, खवल्यांची, मध्यभाग त्यामानाने साफ, आणि चट्टा दिवसेंदिवस बाहेरच्या बाजूला वाढत जाणारा. सतत ओल्या राहणाऱ्या पट्ट्याखाली बुरशीला आयती जागा मिळते. जांघेत किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला तसाच चट्टा असेल तर हा संशय पक्का समजावा.

निकेलचं वावडं: एक उदाहरण

समजा, खानापुरातल्या एका शाळेतल्या बाईंना लग्नाच्या वाढदिवसाला सोनेरी मुलाम्याचं घड्याळ मिळालं. तपकिरी चामड्याचा पट्टा, सोनेरी बकल. चार वर्षं काही त्रास नाही. पाचव्या वर्षी जूनमध्ये मनगटाच्या आत खाज सुरू झाली. बाईंनी पट्टा बदलून सिलिकॉनचा घेतला, त्यालाही धातूचंच बकल होतं. खाज राहिलीच. मग बाईंना वाटलं की रबर सोसत नाही.

इथे पाहण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली, पट्टा बदलला तरी चट्टा त्याच जागी, बकलाच्या खाली आणि बकलाच्याच आकाराचा. दोन्ही पट्ट्यांत समान असलेली वस्तू एकच, धातूचं बकल. दुसरी, बाईंना विचारलं तर कळतं की खोटे कानातले घातले की कानाची पाळी चिघळते, म्हणून त्या कधीपासून सोन्याशिवाय काही घालत नाहीत. जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ खाज येणं, ही अशीच दुसरी खूण. निकेलचं वावडं अनेकदा कान टोचल्यावर स्वस्त डूल घातल्याने सुरू होतं आणि एकदा झालं की सहसा जन्मभर राहतं. तिसरी गोष्ट म्हणजे चार वर्षं काही झालं नाही, हा निकेल निर्दोष असल्याचा पुरावा ठरत नाही.

चार वर्षं का गेली, याचं उत्तर मुलाम्यात आहे. सोनेरी किंवा चंदेरी दिसणाऱ्या अनेक घड्याळांची डबी आणि बकल पितळेसारख्या साध्या धातूचं असतं. त्यावर आधी निकेलचा थर देतात, कारण त्याने चकाकी येते आणि वरचा थर नीट धरतो. मग सोन्याचा किंवा क्रोमचा अगदी पातळ मुलामा. हा वरचा थर शाबूत आहे तोवर निकेल त्वचेला लागत नाही. घासून तो उडाला की खालचा निकेल उघडा पडतो. घामात मीठ असतं, ते धातू झिजवतं आणि निकेलचे कण सुटून त्वचेत शिरतात. म्हणूनच त्रास घामाच्या दिवसांत उसळतो आणि डिसेंबरात कमी होतो. बकलाची आतली बाजू भिंगाखाली पाहिली तर कडेला पिवळट किंवा करडा, मुलामा उडालेला भाग दिसतो. मनगटावर हिरवट डाग पडत असेल तर तो तांब्याचा असतो. तो स्वतः ॲलर्जी नव्हे, पण मुलामा गेल्याची ती पावतीच.

आता खात्री कशी करायची? बाईंनी घड्याळ दोन-तीन आठवडे पूर्ण काढून ठेवलं आणि त्वचा पूर्ववत झाली. मग दुसऱ्या हातावर घड्याळ बांधलं, पण बकलाच्या आत सुती कापडाची पट्टी ठेवून. चार दिवस काही नाही. पट्टी काढली, दोन दिवसांनी नवीन मनगटावर बकलाच्या आकाराची खाज. एवढ्याने घाम हे मुख्य कारण नाही हे जवळजवळ स्पष्ट होतं. घाम कारण असता तर कापडाखालीही त्रास झाला असता.

धातूची तपासणी घरीही होते. निकेल ओळखण्याचा एक संच ऑनलाइन मिळतो, त्यात दोन द्रवांच्या बाटल्या असतात. एकात डायमिथाइलग्लायऑक्झिम, दुसऱ्यात अमोनिया. कापसाच्या काडीवर दोन्हींचा थेंब-थेंब घेऊन धातूवर अर्धा मिनिट चोळायचं. कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतो आहे. चोळणं घड्याळ हातातून काढून, खिडकीशी बसून करावं, आणि नंतर धातू पुसून धुऊन घ्यावा. बाईंच्या बाबतीत बकलावर काडी गुलाबी झाली, मागच्या झाकणावर नाही. कारण झाकणावर कोरलेलं असतं तेच, स्टेनलेस स्टील बॅक. डबी साध्या धातूची आणि फक्त मागचं झाकण स्टीलचं, ही रचना आपल्या बाजारातल्या घड्याळांत फार सर्रास आहे. डबीच्या कडांवरही काडी फिरवून पाहावी, कारण त्या कडा मनगटाला लागतात. काडी गुलाबी झाली नाही म्हणून धातू शंभर टक्के निर्धोक असं मात्र धरू नये, फार थोडा निकेल या चाचणीतून निसटतो.

पक्का निकाल त्वचारोगतज्ज्ञांकडच्या पॅच टेस्टने लागतो. पाठीवर ठरावीक पदार्थांचे छोटे ठिपके चिकटपट्टीखाली लावतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. म्हणजे एका आठवड्यात तीन खेपा धरून चालाव्यात. तेवढे दिवस पाठीवर पाणी घ्यायचं नाही, घाम येईल असं काम टाळायचं. त्यामुळे भर पावसाळ्यात किंवा मे महिन्यात करण्यापेक्षा थंडीत ही चाचणी सोपी जाते. टोचून किंवा रक्त काढून करतात ती ॲलर्जी चाचणी वेगळी. ती या प्रकारच्या उशिरा उठणाऱ्या चट्ट्यासाठी नसते, तिच्यावर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना हे विचारून घ्यावं.

बाईंनी शेवटी घड्याळवाल्याकडून विणलेल्या नायलॉनचा, चिकटपट्टीने बंद होणारा पट्टा बसवून घेतला. हा पट्टा डबीच्या खालून जातो, म्हणजे मागचं झाकणही कातडीला लागत नाही. घड्याळवाल्याने आधी सुचवलं होतं, “बाई, बकलाला आतून नखांचं रंगहीन पॉलिश मारा, काम होतंय.” ते होतं, पण थोडे दिवस. घामाने आणि घासण्याने पॉलिश उडतं आणि कधी उडालं हे कळत नाही. नेलपॉलिशचीच ॲलर्जी असणारेही लोक आहेत. लग्नाच्या एका दिवसापुरती ही युक्ती ठीक.

चामडं: दोष कातड्याचा की कमावण्याचा?

चट्टा बकलाखाली नसून चामड्याच्या पट्ट्याच्या पूर्ण लांबीत असेल आणि पट्टा ओला होतो त्या दिवसांत वाढत असेल, तर क्रोमचा विचार करावा. बाजारातलं बहुतेक मऊ चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्यातला काही अंश घामात उतरतो. सिमेंटचं काम करणाऱ्या गवंड्यांच्या हातांना जे इसब होतं, त्यातही अनेकदा हाच क्रोम असतो. म्हणून गवंडीकाम करणाऱ्याला चामड्याचा पट्टा किंवा चामड्याची चप्पल सोसत नसेल, तर हा धागा डॉक्टरांना जरूर सांगावा. युरोपीय संघाने चामड्यातल्या या घातक क्रोमवर २०१५ पासून किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे.

दुसरा मार्ग आपल्याच भागातला. कोल्हापुरी चप्पल परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची होते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगावही आहे. अशा वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यात क्रोम घातलेला नसतो. निपाणी, अथणीकडे ओळखीचा कारागीर असेल तर त्याच कातड्याचा घड्याळपट्टा शिवून घेता येतो. मात्र दोन गोष्टी विचाराव्यात: रंग कोणता लावलाय आणि आतलं अस्तर त्याच कातड्याचं आहे का. कारण मनगटाला लागतं ते अस्तर, वरची बाजू नव्हे. बकलही निवडूनच लावावं, नाहीतर मूळ त्रास तसाच.

सिलिकॉनचा पट्टा धुणं

सिलिकॉन स्वतः क्वचितच कोणाला बाधतं. त्रास त्याच्याखाली साचलेल्या गोष्टींचा. आतल्या बाजूला पांढुरका थर दिसतो तो वाळलेला साबण आणि घाम. खोबरेल तेल, डास पळवणारं मलम, सनस्क्रीन, सॅनिटायझर हे सगळं तिथे चिकटतं.

रोज घड्याळ घालणाऱ्याने घामाच्या दिवसांत पट्टा रोज साध्या पाण्याने खंगाळावा आणि आठवड्यातून एक-दोनदा साबणाने धुवावा. पट्टा डबीपासून वेगळा करावा. बऱ्याच पट्ट्यांना आत छोटी खिटी असते, ती नखाने सरकवली की पट्टा सुटतो. कोमट पाण्यात सौम्य, वास नसलेल्या साबणाचा एक थेंब पुरे. बोटांनी आतली बाजू चोळावी. छिद्रांभोवती, कडीच्या आत आणि डबीला जोडणाऱ्या खाचेत मऊ टूथब्रश फिरवावा, मळ खरा तिथे असतो. मग वाहत्या पाण्याखाली, बोट फिरवून बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत धुवावं. हे शेवटचं काम लोक अर्धवट सोडतात आणि त्वचेला मुख्य त्रास त्या उरलेल्या साबणाचाच होतो. कापडाने टिपून पूर्ण वाळल्यावरच घालावं.

जंतुनाशक द्रव पाण्यात न मिसळता लावणं, ब्लीचिंग किंवा भांड्यांच्या लिंबू-साबणात रात्रभर भिजवणं, यांनी पट्टा स्वच्छ होतो पण त्याचा अंश त्वचा सोलतो. तेलकट डाग जात नसेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसून मग पाण्याने धुतलं तर चालतं. पट्टा चिकट लागू लागला, चिरला किंवा धुऊनही आंबूस वास येत असेल तर तो टाकून द्यावा. फुटपाथवर शंभर रुपयांना सिलिकॉन म्हणून मिळणारा पट्टा अनेकदा दुसऱ्याच प्लास्टिकचा किंवा रबराचा असतो. रबर तयार करताना वापरलेल्या रसायनांचं वावडं असणारे लोक आहेत, आणि त्यांचा चट्टा पट्ट्याच्या पूर्ण आकाराचा उठतो.

स्मार्टवॉचच्या डबीला साबण लावू नये, ओलसर कापडाने पुसावं. मागच्या चार्जिंगच्या टोकांवर घामाचं मीठ साचतं, तेही पुसून, कोरडं करूनच चार्जिंगला लावावं.

धातूची चेन आणि चामडं

स्टीलच्या चेनीच्या कड्यांमध्ये काळा, चिकट मळ बसतो. चेन डबीपासून सोडवता आली तर कोमट साबणपाण्यात दहा मिनिटं भिजवून मऊ ब्रशने प्रत्येक जोड घासावा. चेन वाकवत घासलं की आतला मळ सुटतो आणि पाणी करडं होतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावं, झटकावं, कापडाने टिपावं आणि दोन-तीन तास उघड्यावर ठेवावं. चेन सुटत नसेल आणि घड्याळ पाणीरोधक नसेल तर नुसता ओलसर ब्रश चेनीवर फिरवावा, डबी कोरड्या कापडात गुंडाळून. जुन्या घड्याळाच्या मागच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं, त्यावर पाणीरोधक असं कोरलेलं असलं तरी भरवसा ठेवू नये.

एक चूक आपल्या घरांत हमखास होते. घड्याळ मळलं की पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच, राख किंवा टूथपेस्ट लावून लख्ख करायचं. पितळेच्या समईला हे ठीक. मुलाम्याच्या घड्याळावर याने वरचा पातळ थर खरवडला जातो आणि खालचा निकेल वर येतो. घड्याळ चकाकतं आणि महिन्याभरात मनगट खाजू लागतं.

चामडं पाण्यात बुडवायचं नाही. घरी आल्यावर आतली बाजू किंचित ओलसर कापडाने पुसावी, लगेच कोरड्या कापडाने टिपावी आणि सावलीत, पंख्याखाली मोकळी ठेवावी. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवलं की चामडं तडकतं आणि त्या भेगा त्वचेला ओरखडतात. एकच चामड्याचा पट्टा रोज घालू नये, एक दिवस आड वाळू द्यावा. आषाढ-श्रावणात त्यावर पांढरी बुरशी आली तर घराबाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसावी. अस्तर काळं पडून वास येत असेल तर ते धुऊन निघत नाही. पावसाळ्याचे चार महिने चामड्याचं घड्याळ कपाटात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवून नायलॉन घालणं, हाच शहाणपणा.

नवीन घेताना काय पाहावं

स्टीलबद्दल एक गोंधळ आहे. घड्याळाच्या चांगल्या स्टीलमध्ये, ज्याला ३१६ एल म्हणतात, दहा टक्क्यांच्या वर निकेल असतो. तरीही निकेलचं वावडं असलेल्या बहुतेकांना ते सोसतं, कारण त्यातला निकेल घट्ट बांधलेला असतो आणि घामात फार थोडा सुटतो. मुलाम्याखालचा निकेल मात्र सहज सुटतो. म्हणून युरोपीय संघाने १९९४ साली नियम केला तेव्हा धातूत निकेल किती यापेक्षा त्यातून बाहेर किती पडतो, यावर मर्यादा घातली: त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला प्रति चौरस सेंटीमीटर ०.५ मायक्रोग्रॅम. निकेल फ्री किंवा हायपोॲलर्जेनिक असं खोक्यावर छापलेलं असतं त्याला एवढा नेमका अर्थ नसतो, आणि सर्जिकल स्टील हा शब्दही नुसता ऐकायला बरा वाटतो.

फार संवेदनशील माणसाला ३१६ एल सुद्धा त्रास देऊ शकतं. २०१४ मध्ये अमेरिकेत फिटबिटचा फोर्स हा मनगटपट्टा परत मागवावा लागला होता. सुमारे दहा लाख नग त्यात होते आणि त्वचेला त्रास झाल्याच्या तक्रारी हजारोंत होत्या. कंपनीने तेव्हा स्टीलमधला निकेल आणि पट्टा जोडताना वापरलेले चिकट पदार्थ ही संभाव्य कारणं सांगितली होती. म्हणजे पट्टा आणि धातू दोन्ही निर्दोष असूनही गोंदाचा त्रास होऊ शकतो, हे लक्षात राहू द्यावं.

निकेलचं वावडं नक्की झालेल्याने टायटॅनियमची डबी घ्यावी, बकलही टायटॅनियमचंच आहे ना हे विचारून. डबी टायटॅनियमची आणि बकल साधं, अशी घड्याळं मिळतात. टायटॅनियम स्टीलपेक्षा हलकं असतं, हातात घेतल्यावर वजनातला फरक कळतो. सिरॅमिक महाग पण निर्धोक. स्वस्तात हवं असेल तर प्लास्टिकची डबी आणि नायलॉनचा चिकटपट्टीचा पट्टा हा सगळ्यांत सोपा पर्याय, कारण त्यात बकलच नसतं. फक्त नायलॉन घाम शोषतो, म्हणून दोन पट्टे ठेवून आलटून-पालटून धुवावे. नवीन पट्टा घेताना डबीच्या दोन शिंगांमधलं अंतर पट्टीने मोजून न्यावं. पुरुषांच्या घड्याळांत ते बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असतं, बायकांच्या १२ किंवा १४. घड्याळ इतकं घट्ट असावं की डोलणार नाही, आणि इतकं सैल की पट्ट्याखाली करंगळी सहज जाईल.

चट्ट्यावर काय लावावं

पहिलं औषध म्हणजे घड्याळ काढून ठेवणं, आणि दुसऱ्या हातावरही न घालणं. चट्टा पाझरत असेल तर स्वच्छ सुती कापड गार पाण्यात भिजवून दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं ठेवावं. पाझर थांबून त्वचा कोरडी, खरखरीत झाली की साधं पेट्रोलियम जेली पुरे. लिंबू, कडुलिंबाचा लेप, जंतुनाशक द्रव यांनी सोललेल्या त्वचेवर आणखी एक जखम होते.

औषधाच्या दुकानात खाजेवरची ट्यूब मागितली की बऱ्याचदा हातात येते ती स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली. ती लावल्यावर कुठलीही खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ती खपते. पण चट्टा गजकर्णाचा असेल तर स्टिरॉइडमुळे लाली दबते आणि बुरशी आतून पसरत राहते. कडा पुसट होतात, नंतर डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं आणि उपचार महिनोन्महिने चालतो. मनगटाची कातडी पातळ असते, जोरदार स्टिरॉइड आठवडेच्या आठवडे लावलं तर ती आणखी पातळ होऊन खालच्या शिरा दिसू लागतात. खऱ्या ॲलर्जीच्या चट्ट्यावर डॉक्टरही स्टिरॉइड देतात, मात्र कुठलं, किती दिवस आणि कधी थांबवायचं हे सांगून. डॉक्टरांकडे जाताना घड्याळ, जुना पट्टा आणि आधी लावलेली ट्यूब सोबत न्यावी. चट्टा ताजा असतानाचा मोबाइलवरचा फोटोही उपयोगी पडतो.

घड्याळ काढूनही दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल, चट्टा घड्याळाच्या जागेबाहेर पसरत असेल, तर वाट पाहू नये. पू, ठणका, हातावर वर चढणारी लाल रेघ किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवावं, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी.

लाली आणि खाज गेल्यावर सावळ्या त्वचेवर काळसर डाग राहतो. त्याला हात लावून पाहावा: गुळगुळीत आणि न खाजणारा असेल तर आजार संपलेला आहे आणि तो फक्त रंग आहे. तो जायला काही महिने लागतात, ऊन लागलं तर जास्त. त्यावर गोरेपणाची क्रीम चोळली तर त्वचा पुन्हा लाल होते आणि डाग आणखी गडद होतो.